उपकरणजन्य फरक : एका पारिभाषिक संज्ञेची चिकित्सा

अमेरिकेतील ‘ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री ॲक्शन ग्रुप’ या संस्थेने ‘मेझरमेंट सिस्टिम्स ॲनालिसिस’ ही हस्तपुस्तिका १९९० साली प्रथम प्रसिद्ध केली. तिची चौथी आवृत्ती २०१० साली निघाली. मोटार-उद्योगास सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांत, आणि म्हणून नाशिकच्या सातपूर व अंबड येथील वसाहतींतही, तपासणी-केंद्राची कसोटी घेताना हिचाच आधार घेतला जातो. ‘गेज आर अँड आर’ या नावाने ती कसोटी कामगारांच्याही तोंडी रुळली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय पुस्तिकेचे गणित नसून त्या गणिताच्या फलितांना दिलेली नावे हा आहे. नाव चुकले म्हणजे अर्थ चुकतो, आणि येथे अर्थ चुकला तर कारखान्याचा पैसा चुकीच्या जागी खर्ची पडतो.

कसोटीची रीत अशी. दहा वस्तू घ्यावयाच्या. तीन तपासनिसांनी एकाच उपकरणाने प्रत्येक वस्तू तीन-तीन वेळा मोजावयाची. मोजणीचा क्रम यादृच्छिक असावा आणि मागील वाचन तपासनिसास दिसू नये. अशी नव्वद वाचने जमली की त्यांतील फरकाचे तीन घटक पाडतात. एकाच माणसाने तीच वस्तू पुन्हा मोजली असता पडणारा फरक हा पहिला. त्यास पुनरावृत्तिक्षमतेचा घटक म्हणतात. माणूस बदलला असता पडणारा फरक हा दुसरा; हा पुनरुत्पादनक्षमतेचा घटक होय. वस्तूवस्तूंमधील खरा फरक हा तिसरा.

पुस्तिकेत याचे एक संपूर्ण उदाहरण सोडवून दाखविले आहे. त्यातील घटक प्रमाण विचलनाच्या रूपात असे येतात : पुनरावृत्तीचा ०.२०२, तपासनिसांचा ०.२३०, दोहोंचा मिळून ०.३०६, वस्तूंचा १.१०५ आणि एकूण १.१४६. यांची एकूण विचलनाशी टक्केवारी काढली म्हणजे अनुक्रमे १७.६, २०.०, २६.७ व ९६.४ टक्के येतात. दहा टक्क्यांच्या आत आले तर मापनव्यवस्था ग्राह्य, तिसांच्या पलीकडे गेले तर अग्राह्य, आणि मधले सारे ‘परिस्थिती पाहून ग्राह्य’ असा दंडक आहे. २६.७ हा आकडा या मधल्या पट्ट्यात पडतो.

पहिली अडचण टक्केवारीचीच आहे. १७.६, २०.० आणि ९६.४ यांची बेरीज १३४ होते. पुस्तिकेत या टक्क्यांची बेरीज शंभर होणार नाही अशी सूचना आहे. परंतु ज्यांची बेरीज शंभर होत नाही, त्यांस ‘एकूणातील वाटा’ या अर्थाने वाचण्याचा मोह मात्र त्या चिन्हातच असतो. बेरीज विचलनांची होत नाही, त्यांच्या वर्गांची, म्हणजे प्रचरणांची होते. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंप्रमाणेच. प्रचरणांचे वाटे काढले असता ३.१, ४.० व ९२.९ येतात आणि ते शंभर भरतात. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड व्हीलर यांनी हा दोष पूर्वीच दाखविला आहे. ‘मापनाने सव्वीस टक्के खाल्ले’ असे जे बैठकीत बोलले जाते, ते या दृष्टीने निरर्थक होय. एकूण प्रचरणातील मापनाचा वाटा सात टक्के आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. तक्त्यात पुनरावृत्तीच्या घटकास ‘इक्विपमेंट व्हेरिएशन’, म्हणजे उपकरणजन्य फरक, असे म्हटले आहे. हे नाव दिशाभूल करणारे आहे असे पुस्तिका स्वतःच आपल्या विवेचनात सांगते. आणि तरीही तक्त्यावर तेच नाव छापते. वाचणारा विवेचन वाचत नाही, तक्ता वाचतो. मग उपकरणाचा फरक मोठा दिसला की उपकरण बदलावयाचे, हा निष्कर्ष नावातूनच निघतो.

आता त्याच उदाहरणातील वाचने तपासनिसागणिक पाहू. एका वस्तूच्या तीन वाचनांतील सर्वांत मोठे व सर्वांत लहान यांचे अंतर ‘अ’च्या बाबतीत सरासरी ०.१८४ आहे, ‘ब’च्या बाबतीत ०.५१३ आणि ‘क’च्या बाबतीत ०.३२८. उपकरण एकच, वस्तू त्याच. तरी ‘ब’चा विस्कळीतपणा ‘अ’च्या जवळजवळ तिप्पट. हा योगायोगही म्हणता येत नाही. दोघांच्या प्रचरणांचे गुणोत्तर सुमारे ७.८ पडते, आणि प्रत्येकी वीस स्वातंत्र्यमात्रा असता नुसत्या योगायोगाने ते अडीचच्या पुढे क्वचितच जाते. अर्थात ०.२०२ या आकड्यात उपकरणाबरोबर हातही मिसळलेला आहे. वस्तू कशी टेकविली, मायक्रोमीटर किती दाबाने आवळला, व्यास कोणत्या ठिकाणी घेतला, हे सारे त्यात आहे. तीन भिन्न हातांची ती सरासरी असून तिला उपकरणाचे नाव मिळाले आहे.

याचा परिणाम मोजून पाहता येतो. समजा, कारखान्याने निर्दोष उपकरण आणले व पुनरावृत्तीचा घटक शून्यावर आला. तरीही तपासनिसांतील फरक जागच्या जागी राहील आणि मापनाची टक्केवारी २०.४ च्या खाली उतरणार नाही. उलट, जुनेच उपकरण ठेवून तिघांची सरासरी एकरूप झाली (‘अ’ची ०.१९०, तर ‘क’ची ऋण ०.२५४ आहे) आणि ‘ब’ व ‘क’ यांचे हात ‘अ’इतके स्थिर झाले, तर तीच टक्केवारी ९.८ वर येते. म्हणजे ग्राह्यतेच्या आत. ‘उपकरणजन्य’ म्हणविणाऱ्या फरकाचा मोठा भाग उपकरणास न शिवता जाऊ शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

उपकरणाचा स्वतःचा फरक किती, हे जाणण्याचा मार्ग सोपा आहे. एक वस्तू फिक्स्चरमध्ये पक्की बसवून, तिला न हलविता, वारंवार वाचने घ्यावीत. नंतर प्रत्येक वेळी वस्तू काढून पुन्हा बसवावी. पहिल्या संचातील फरक बव्हंशी उपकरणाचा. दुसऱ्यात जो वाढीव फरक दिसेल तो बसविण्याचा व हाताचा. वस्तूवर मोजण्याची जागा खुणेने निश्चित केली नसेल, तर तिचा अंडाकारही याच घटकात लपतो.

दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. तपासनिसांचा घटक केवळ तीन माणसांवरून काढलेला असतो. दोन स्वातंत्र्यमात्रांवर उभ्या असलेल्या विचलनाचे खरे मूल्य अंदाजाच्या निम्म्यापासून सहापटीपर्यंत कोठेही असू शकते. त्याचा दशांश स्थळांपर्यंत केलेला उच्चार फारसा गंभीरपणे घेऊ नये. दुसरे, टक्केवारीचा छेद वस्तूंवर अवलंबून असतो. वरील दहा वस्तू एकमेकींशी दुप्पट सारख्या असत्या, तर मापनात काहीही न बिघडता २६.७ चे सुमारे ४८ टक्के झाले असते. एकाच तासाच्या उत्पादनातून वस्तू उचलणाऱ्याला चांगले केंद्रही अग्राह्य दिसेल.

पुस्तिकेने तक्त्यावरील संज्ञा बदलून ‘एकाच तपासनिसाच्या वाचनांतील फरक’ अशी साधी ओळ घातली असती, तर हा गोंधळ पुष्कळ टळला असता. तसे होईपर्यंत, अहवाल वाचणाऱ्याने एकत्रित घटकापूर्वी तिघांचे तीन आकडे वेगळे पाहावेत. ते आकडे वाचने नोंदविण्याच्या तक्त्यात असतात.