'अगं' आणि 'अवो' : एका फोटोओळीचं वाचन

वर्तमानपत्रात छायाचित्राखाली जो मजकूर येतो त्याला मराठीत 'फोटोओळ' म्हणतात. तिचं पहिलं काम साधं असतं: डावीकडून कोण कोण उभे आहेत ते सांगणं. घरातल्या फोटोला या ओळीची गरज नसते, कारण बघणाऱ्या सगळ्यांना माणसं माहीत असतात. तरीही आईवडिलांच्या लग्नाला 25 वर्षं झाली की मुलांना फोटोखाली काहीतरी लिहायचं असतं आणि इथंच पंचाईत होते. जे सांगायची गरज नाही ते सोडलं तर उरतं काय?

बहुतेक वेळा विशेषणं उरतात. आदर्श जोडपं, लक्ष्मीनारायणाचा जोडा, प्रेम आणि त्यागाची मूर्ती. यातलं काही खोटं असतं असं नाही, पण तो मजकूर उचलून शेजारच्या घरातल्या फोटोखाली ठेवला तर तिथंही बसतो. फोटोओळीची परीक्षा मी अशीच घेते: नावं झाकायची आणि विचारायचं, ही माणसं कोण ते कळतंय का?

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका घरात या परीक्षेत उतरणारी ओळ मला सापडली. घर मिरजकर तिकटीहून चालत पाच मिनिटांवर. 2025 मध्ये तिथल्या आईवडिलांच्या लग्नाला 25 वर्षं झाली. पेठेच्या रिवाजाप्रमाणे चौकात फ्लेक्स लागला असता, पण वडिलांनी 'आमचा काय वाढदिवस हाय का, नेते हाय का आमी' म्हणून तो थांबवला. मग मुलीनं 12 बाय 18 इंचाची फ्रेम करून घेतली. वर फोटो आणि खाली मजकुराला दोन इंचांची पट्टी. एवढ्या जागेत मजकूर साठेक शब्दांच्या पुढं गेला की अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. मुलगी अकरावीत आहे. घरच्यांना विचारून तिचा मजकूर पूर्ण देते:

'डावीकडून पप्पा, आई. लग्नाला मला बोलावलं नव्हतं, म्हणून हा फोटो 25 वर्षांनी पुन्हा काढला. पप्पांनी आईला नावानं हाक मारलेली मी अजून ऐकलेली नाही. तिचं नाव अगं, त्यांचं नाव अवो. कपिलतीर्थात पप्पा अगं म्हणतात तेव्हा दहा बायका वळतात, आई वळत नाही; ती पुढच्या गाड्यावर मेथीचा भाव करत असते. मी दोघांची मुलगी. मी पण आज नाव घेत नाही, नमस्कार करतो.'

पहिलं वाक्य सरळ वर्तमानपत्रातून आलेलं आहे. घरातल्या भिंतीवर 'डावीकडून' लिहिणं हाच पहिला विनोद, कारण या घरात कोण पप्पा आणि कोण आई हे कुणालाही सांगावं लागत नाही. विनोद करताना ती डोळा मारत नाही. बातमीदाराच्या कोरड्या आवाजात सुरुवात करते आणि जवळजवळ शेवटपर्यंत तो आवाज सोडत नाही. माया दाखवायची असेल तर आवाज कोरडा ठेवावा लागतो, नाहीतर मजकूर ओला होतो.

दुसरं वाक्य मात्र नवं नाही. 'तुमच्या लग्नाच्या फोटोत मी का नाही?' हा प्रश्न मराठी घरातल्या प्रत्येक मुलानं कधी ना कधी विचारलेला असतो. या विनोदामागं एक जुना हिशेब आहे. आपल्या लग्नपत्रिकेत खाली 'किलबिल' असते: आमच्या काकाच्या, आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं, आणि पुढं चिंगी, बंटी, सोनू अशी नावं. त्यातल्या काहींना अजून बोलताही येत नसतं. ही वाक्यं मोठी माणसं मुलांच्या तोंडी घालतात. मराठी लग्नात मुलांचा आवाज सगळ्यात आधी छापला जातो आणि तो मुलांचा नसतो. रौप्यमहोत्सवाच्या फोटोखालची ओळ ही त्या किलबिलीची परतफेड आहे. इथं मूल खरंच लिहितं, आणि ज्या लग्नात त्याला किलबिलीतही जागा मिळणं शक्य नव्हतं त्याच लग्नाबद्दल लिहितं.

पण हा विनोद इतक्या वेळा झालेला आहे की नुसता ठेवला असता तर परीक्षेत नापास झाला असता. तो तरतो 'पुन्हा' या शब्दामुळे. 2000 सालचा मूळ फोटो मी पाहिला आहे. तेव्हा फोटो रोलवर निघत. एका रोलवर 36 फोटो, आणि प्रत्येकाचा खर्च धरलेला. फोटोग्राफर मोजून बटण दाबायचा. बहुतेक रोल आहेर देणाऱ्या पाहुण्यांच्या रांगेवर संपायचा, आणि नवरानवरी दोघंच असलेले फोटो एक-दोन निघायचे. या घरच्या अल्बममध्ये असा एकच आहे, आणि त्यात नवरीचे डोळे मिटलेले आहेत. परत काढायला रोल उरला नव्हता. म्हणून 25 वर्षांनी तीच बाजू, तशाच दोन खुर्च्या आणि यावेळी उघडे डोळे. हे सगळं मुलीनं सांगितलेलं नाही. 'पुन्हा' म्हणून ती थांबली. घरच्यांना कळतं, पाहुण्यांना निदान चुटका मिळतो. दोन प्रकारचे वाचक असलेल्या मजकुराला हे जमावं लागतं.

खरी कमाई तिसऱ्या वाक्यापासून पुढं आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, या रिवाजातूनच आपल्याकडं उखाणा आला. एरवी जे तोंडातून काढायचं नाही ते यमकात गुंडाळून, चारचौघांत, एकदाच म्हणायचं. उखाण्याचं सगळं बळ त्या अडवलेल्या नावात असतं. रौप्यमहोत्सवात बायका जोडप्याला पुन्हा उखाणा घ्यायला लावतात आणि नाव आलं की हशा होतो. मुलीनं हे उलटं केलं आहे. ती नाव आणतच नाही. नावाच्या जागी जे दोन शब्द घरात रोज वाजतात ते ठेवते: अगं आणि अवो. व्याकरणात ही संबोधनं, कुणालाही लावता येणारी. तरी 25 वर्षांच्या वापरानं ती विशेषनामं झाली आहेत, असं तिचं म्हणणं आहे.

आणि लगेच ती या म्हणण्याची चाचणी घेते. म्हणूनच मला हा मजकूर नुसता गोड न वाटता शहाणा वाटतो. 'अगं' हे खरंच आईचं नाव असेल तर बाजारात काय होईल? महाद्वार रोडजवळच्या कपिलतीर्थ मार्केटात संध्याकाळच्या गर्दीत वडील 'अगं' म्हणतात आणि दहा बायका वळतात. म्हणजे ते नाव नाही, ते सगळ्यांचं आहे. पण जिचं आहे ती वळत नाही. इथं एक धोका होता. लग्नावरचे आपले बहुतेक विनोद बायकोच्या पैशानं चालतात: 25 वर्षं सहन केलं, जन्मठेप झाली, बाबांचा आवाज त्या दिवशी गेला तो गेलाच. वाक्य 'आई वळत नाही' इथं संपलं असतं तर तेही त्याच वळणावर गेलं असतं, नवऱ्याचं न ऐकणारी बायको. अर्धविरामानंतरचा मेथीचा भाव ते वाचवतो. ती दुर्लक्ष करत नाही, ती कामात आहे, आणि ज्या घरासाठी भाव करते आहे त्याच घरातला माणूस मागून हाक मारतो आहे. हसू कुणावर येतं ते बघा. बाजारात हाक मारून गोंधळलेल्या वडिलांवर थोडं, वळणाऱ्या दहा बायकांवर थोडं, आणि आईवर जवळजवळ नाहीच.

शेवटच्या वाक्यावरून घरात वाद झाला. पुण्याहून आलेल्या आत्यानं दोन दुरुस्त्या सुचवल्या. 'अवो' नाही 'अहो', आणि मुलगी असून 'नमस्कार करतो' काय, 'करते' लिही. शाळेच्या मराठीनं आत्या बरोबर आहे. पण कोल्हापुराकडं बायका आणि मुली स्वतःबद्दल बोलताना 'मी जातो', 'मी करतो' असंच म्हणतात. तो पुरुषी आव नव्हे, तो तिथल्या बोलीचा नियम आहे. 'करते' लिहिलं असतं तर व्याकरण शुद्ध झालं असतं आणि मुलगी बदलली असती. तिच्या जागी पाठ्यपुस्तकातली एक मुलगी येऊन नमस्कार करून गेली असती. 'अवो'चंही तसंच. नावाचं स्पेलिंग आपण शुद्धलेखनाच्या नियमानं बदलत नाही, आणि या मजकुरात ते नाव आहे. मुलीनं आत्याला एवढंच सांगितलं, 'आत्या, पप्पांना इचार, अहो म्हटल्यावर ते वळत्यात का.' दुरुस्त्या झाल्या नाहीत.

एक बदल मात्र झाला, आणि त्यावर ती अडून बसली नाही. पहिल्या कच्च्या मजकुरात आणखी एक वाक्य होतं. ते आईनं काढायला लावलं. त्यात आईच्या एका दागिन्याचा आणि मुलीच्या शिक्षणाचा उल्लेख होता, एवढंच सांगते. वाक्य म्हणून ते सगळ्यात चांगलं होतं. छोटं, खरं, डोळ्यांत पाणी आणणारं. समीक्षक म्हणून मला ते गेल्याची हळहळ वाटायला हवी. वाटत नाही. फ्रेम दिवाणखान्यात लागणार होती. येणारा-जाणारा ती वाचणार, आणि ते वाक्य वाचून प्रत्येकजण आईच्या हाताकडं बघणार. विनोदात आईला सहभागी होता येतं, त्या वाक्यात तिला फक्त सोसता आलं असतं. अशा मजकुराचा पहिला वाचक ज्याच्याबद्दल तो लिहिला आहे तोच असतो. त्याला मोठ्यानं वाचून दाखवावं आणि तो कुठं हसायचा थांबतो ते ऐकावं, यापेक्षा भरवशाचं संपादन मला माहीत नाही. इथं आई मेथीवर हसली आणि त्या वाक्यावर गप्प झाली.

ते वाक्य गेल्यानं शेवट रिकामा राहिला, आणि त्या रिकाम्या जागेत 'मी दोघांची मुलगी' आलं. पहिल्या मजकुरात ते नव्हतं. इतका वेळ बातमीदाराच्या अंतरावरून बोलणारी ती इथं पहिल्यांदा फोटोत येते, जिथं तिला बोलावलं नव्हतं तिथं. पुढच्या वाक्यात ती आईबापांचाच रिवाज उचलते. नाव घेत नाही. पंचवीस वर्षं या घरात जे कुणी म्हटलं नाही ते तीही म्हणत नाही, आणि तेच तिचं या घरातलं असणं.

मजकुरात उणीव आहेच. 'बोलावलं नव्हतं' हा घिसलेला विनोद इतक्या सुरुवातीला येतो की घाईचा वाचक पुढं वाचणारच नाही, आणि बाजाराचं वाक्य दोन इंचांच्या पट्टीला लांब पडतं. छापणाऱ्यानं ते 'तेव्हा' या शब्दावर तोडलं आहे आणि दहा बायका खालच्या ओळीत गेल्या आहेत. पण नावं झाकण्याच्या परीक्षेत या मजकुराचं वेगळंच झालं. त्यात झाकायला नावच नाही, तरी ही माणसं कोण ते कळतं. हा लेख मी 'लिहिते' असं लिहिते आहे, कारण छापील मराठीत तसंच चालतं. घरी विचारलं असतंत तर मीही 'लिहितो' म्हटलं असतं. त्या अकरावीतल्या मुलीनं फ्रेमच्या काचेखाली 'करतो' छापून घेतलं, आणि निदान त्या एका भिंतीवर आमची बोली दुरुस्त न होता टिकली.