दोनशे सहातून नऊ

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ज्वारीच्या वाणांची तुलना करायची असते, तेव्हा कोणता वाण कोणत्या वाफ्यात पेरायचा हे कुणाच्या पसंतीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवतात. काळ्या रानाचा एखादा कोपरा ओल अधिक धरतो आणि त्या ओलीचे श्रेय वाणाच्या पदरी पडू नये म्हणून. पानसे-सुखात्मे यांच्या ग्रंथावर पोसलेल्या कृषिपदवीधराला ही दक्षता अंगवळणी पडलेली असते. रुग्णांवरील उपचार-चाचण्यांची गुणवत्ता पारखण्यासाठी नेदरलँड्समधील आरियान फेरहाखेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या 'डेल्फी यादी'चा पहिला प्रश्नही हाच आहे : वाटप यादृच्छिक होते का? ही यादी आपण जरा सावकाश वाचू.

तिची जन्मकथाच मोठी रोचक आहे. आधीच्या सगळ्या याद्यांतून गोळा केलेले २०६ मुद्दे तज्ज्ञांपुढे ठेवले गेले आणि तीन फेऱ्यांत त्यांचे नऊ झाले. डेल्फी पद्धतीत तज्ज्ञ समोरासमोर बसत नाहीत. कोणते मत कुणाचे हे एकमेकांना कळत नाही, म्हणून ज्येष्ठाच्या नावाचे दडपण मतावर येत नाही. प्रत्येक फेरीत आधी प्रश्नावली, मग उत्तरांचे विश्लेषण आणि शेवटी अहवाल. मला सर्वाधिक भावतो तो हा अहवाल : संयोजकांनी घेतलेले निर्णय त्यात कारणांसह मांडलेले असत. आपला लाडका मुद्दा का गळला हे वाचून तज्ज्ञ पुढच्या फेरीत एकतर निश्चिंतपणे मत बदलू शकतो, नाहीतर अधिक नेमक्या शब्दांत आपल्या मताला चिकटून राहू शकतो.

आता नवांपैकी तीन प्रश्न न्याहाळा. रुग्णाला आपला गट ठाऊक होता का, उपचार देणाऱ्याला होता का, परिणाम मोजणाऱ्याला होता का? 'डबल ब्लाइंड' या एका मोघम शिक्क्याऐवजी इथे तीन माणसे वेगळी उभी केली आहेत. गुडघ्याला व्यायाम देणाऱ्या फिजिओथेरपिस्टपासून उपचार लपवता येत नाही. पण महिन्याने तोच गुडघा मोजणाऱ्यापासून तो लपवता येतो, आणि तेवढ्या काळजीचे श्रेय त्या चाचणीला ही विभागणी प्रामाणिकपणे देते.

एकमत म्हणजे सत्य मात्र नव्हे. सहभागाला होकार दिलेल्या ३३ तज्ज्ञांपैकी सर्व प्रश्नावल्या २१ जणांनी पूर्ण केल्या. असे काही वाचताना गळालेले लोक वेगळ्या मताचे होते का, हे आपण विचारावे. असहमत माणसे निघून गेली तरी एकमत वाढल्यासारखे दिसते.

पुढे ऑस्ट्रेलियात याच नऊ प्रश्नांवर 'पेड्रो' ही गुणश्रेणी उभी राहिली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी दोन प्रश्न नव्याने जोडले. एक, गटांची परस्परांशी सांख्यिकीय तुलना केली आहे का. आणि दुसरा, निदान एका प्रमुख परिणामाचे मोजमाप आरंभी वाटप झालेल्यांपैकी ८५ टक्क्यांहून अधिक जणांकडून मिळाले आहे का.