चूक माझी, म्हणजे कोणाची?

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधले एक ज्येष्ठ कामगार निवृत्त होत आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. शाल, श्रीफळ आणि सगळ्यांचा एकत्र फोटो हे ठरलेलंच असतं. पण त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या एका ऑपरेटरने या वेळी छापील मजकुराचं कार्ड बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कार्डावर स्वतःचे शब्द लिहायचं ठरवलं. त्याच्या घरी भोजपुरी आणि हिंदी बोलतात. मराठी तो भोसरीच्या शाळेत थोडी आणि लाइनवर पुष्कळ शिकला. ‘जरा तपासून द्या’ म्हणून आलेला तो कच्चा मजकूर त्याच्या परवानगीने जसाच्या तसा देतो:

‘आदरणीय श्री. नाना,
आपल्या सेवापूर्तीच्या हार्दिक शुभेच्छ्या. मी ट्रेनी म्हणून आलो तेव्हा मला मायक्रोमीटर धरता येत नव्हतं. तुम्ही मला हात धरून शिकवला. माझा पहिला जॉब रिजेक्ट झाला तेव्हा आपण साहेबांना सांगितले कि चूक माझी आहे. ते मी विसरणार नाही. तुझ्यासारखा माणूस लाइनवर परत होणार नाही. आता घरी आराम कर, काकूला वेळ द्यावा आणि तब्येतीची काळजी घ्यावी ही नम्र विनंती. ईश्वर आपल्याला उदंड आयुष्य देवो.’

यातलं सर्वांत मोलाचं वाक्य जॉब रिजेक्ट होण्याचं आहे. आणि नेमकं तेच वाक्य सर्वांत जास्त बिघडलेलं आहे, तेही शुद्धलेखनामुळे नाही. ‘आपण साहेबांना सांगितले कि चूक माझी आहे.’ इथे घडलं काय? पोराचा जॉब रिजेक्ट झाला आणि नानांनी ती चूक स्वतःवर घेतली. कार्डाचा सगळा जीव या प्रसंगात आहे. पण ज्याला प्रसंग ठाऊक नाही, त्याने हे वाक्य वाचलं तर दोन ठिकाणी पाय घसरतो.

पहिली जागा ‘आपण’. मराठीत ‘आपण’ तीन कामं करतो: समोरच्याला आदराने हाक मारतो, बोलणारा आणि ऐकणारा मिळून ‘आपण सगळे’ असंही सांगतो, आणि ‘स्वतः’ या अर्थानेही येतो. त्याच्यापुढे ‘सांगितले’ आलं की क्रियापदावरून उलगडा होत नाही. ‘आपण दोघांनी मिळून साहेबांना सांगितलं’ असाही अर्थ निघतो. दुसरी जागा ‘माझी’. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण ते बहुधा त्याच्याच शब्दांत ठेवतो, त्यामुळे ‘माझी’ म्हणजे नानांची, हे लिहिणाऱ्याच्या मनात पक्कं आहे. पण कार्डात पहिल्या ओळीपासून ‘मी’ म्हणजे लिहिणारा. तो ‘मी’ कानात असताना ‘चूक माझी’ ऐकलं की चूक लिहिणाऱ्याकडे जाते. असं वाचलं की नाना सांभाळून घेणारे न राहता तक्रार करणारे ठरतात. समारंभात हे कोणी मोठ्याने वाचलं असतं तर नाना समजले असते, साहेब कदाचित नसते.

दुरुस्ती मात्र छोटी आहे. ‘तेव्हा तुम्ही साहेबांना म्हणालात, “चूक माझी आहे.”’ अवतरणचिन्हांनी ‘माझी’ नानांच्या तोंडी बसला आणि ‘म्हणालात’मधल्या शेवटच्या ‘त’ने बोलणारा कोण ते पक्कं केलं. ‘की’ तर गळूनच पडला. तो ठेवायचाच असता तर दीर्घ लिहावा लागला असता, कारण एकाक्षरी शब्दांतला इकार मराठीत दीर्घ लिहितात. ऱ्हस्व ‘कि’ ही हिंदीची सवय.

हा ‘त’ जरा जवळून पाहण्यासारखा आहे. ‘तुम्ही मला हात धरून शिकवला’ या वाक्यात तो हवा होता आणि तो नसल्यामुळे वाक्य लंगडं झालं आहे. ‘शिकवला’ कुठून आलं ते उघड आहे. हिंदीत ‘आपने सिखाया’ म्हणतात. काय शिकवलं ते सांगितलेलं नसलं तर हिंदी क्रियापद पुल्लिंगी राहतं, कारण हिंदीला दोनच लिंगं. मराठीत अशा वेळी क्रियापद नपुंसकलिंगी होतं: ‘शिकवलं’. आणि कर्ता ‘तुम्ही’ असेल तर त्यावर ‘त’ चढतो: ‘शिकवलंत’. कर्म उघड असतं तिथे व्याकरणाची पुस्तकं याला कर्तृकर्मसंकर म्हणतात, म्हणजे एकाच क्रियापदात अर्धा हक्क कर्माचा आणि अर्धा कर्त्याचा. ‘तुम्ही माझं रीडिंग तपासलंत’, ‘तुम्ही माझी चूक झाकलीत’, ‘तुम्ही मला दोन शब्द सुनावलेत’. कर्म बदललं की मधला भाग बदलतो, ‘त’ मात्र नानांचा म्हणून जागेवरच राहतो. बोलताना पुष्कळ मराठी माणसंही हा ‘त’ गाळतात, ‘तुम्ही सांगितलं’ म्हणतात, आणि त्याने काही अडत नाही. पण कार्डात नानांचा मान दाखवणारं ते एकच अक्षर असेल, तर ते लिहावं.

आता पायऱ्यांचा हिशेब. नानांना उद्देशून आलेला प्रत्येक शब्द पेन्सिलीने अधोरेखित करावा. या मजकुरात ते असे निघतात: आपल्या, तुम्ही, आपण, तुझ्यासारखा, कर, द्यावा, घ्यावी, आपल्याला. एका माणसाला तीन उंचींवर बसवलं आहे. सुरुवातीला आणि शेवटी ‘आपण’, मधे ‘तुम्ही’, आणि भरून आलं तिथे ‘तू’. तिसऱ्याबद्दल शेवटी बोलू. ‘आपण’ इथे नकोच असं माझं मत आहे. टूलरूममध्ये नानांना कोणी ‘आपण’ म्हणत नसेल. ते ‘तुम्ही’च असणार: ‘नाना, तुम्ही जेवलात का?’ कार्डात अचानक ‘आपण’ आला की लिहिणारा चार पावलं मागे सरकून नमस्कार करतोय असं वाटतं. शिवाय वर पाहिलेली संदिग्धता आहेच. तेव्हा सगळीकडे ‘तुम्ही’.

‘काकूला वेळ द्यावा आणि तब्येतीची काळजी घ्यावी ही नम्र विनंती’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने मजकुरातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत अचूक. कालावधी या अर्थाचा ‘वेळ’ पुल्लिंगी म्हणून ‘द्यावा’, काळजी स्त्रीलिंगी म्हणून ‘घ्यावी’. दोन वेगळी लिंगं एका दमात बरोबर सांभाळली आहेत. जन्माने मराठी असलेलाही इथे चुकू शकतो. पण हे ‘द्यावा-घ्यावी’ आलं कुठून? कारखान्याच्या भिंतींवरून. ‘हेल्मेट घालावे’, ‘सुरक्षा चष्मा वापरावा’, ‘मशीन बंद करूनच साफसफाई करावी.’ आणि ‘ही नम्र विनंती’ रजेच्या अर्जातून. व्याकरण निर्दोष असूनही वाक्य नानांना सूचनाफलकासमोर उभं करतं. त्याच्या आधीचा ‘आराम कर’ तर पार दुसऱ्या टोकाचा. म्हणून साधं ‘आराम करा, काकूंना वेळ द्या, तब्येतीला जपा.’

‘काकूला’चं ‘काकूंना’ का करायचं, हेही सांगायला हवं. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ मध्ये ठरले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले. अनेकवचनी सामान्यरूपावर प्रत्यय लावताना अनुस्वार द्यावा, आणि आदरार्थी बहुवचनातही तो द्यावा, असं त्यांत सांगितलं आहे. व्यक्ती एकच असली तरी मान द्यायचा तर टिंब हवं. ऑपरेटरने ‘साहेबांना’वर ते बरोबर दिलं आहे, काकूंवर विसरला. साहेबांना ‘साहेबांना’ म्हणताना तो रोज ऐकतो, काकूंशी बोलायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली असेल. याच नियमाने ‘तुम्हांला’वरही टिंब येतं.

बाकीचं पटकन. ‘शुभेच्छ्या’ ही चूक शहरभरच्या फ्लेक्सवर दिसते. वही-वह्या, गाडी-गाड्या या चालीवर ती तयार होते. ‘इच्छा’ आकारान्त तत्सम शब्द, त्याचं अनेकवचन ‘इच्छा’च, म्हणून एक असो की हजार, ‘शुभेच्छा’. ‘आदरणीय’ असताना ‘श्री.’ नको, आणि ‘श्री.’ हवाच असेल तर त्यापुढे पूर्ण नाव हवं, ‘श्री. नाना’ म्हणजे घरच्या हाकेला ऑफिसचा कोट. ‘उदंड आयुष्य देवो’ हा मोठ्यांनी धाकट्यांना द्यायच्या आशीर्वादाचा सूर आहे. वयाने लहान माणसाने देवाजवळ मागणं मागावं, तेही आरोग्याचं. एक गोष्ट चटकन दिसत नाही: ‘नव्हतं’ बोलीतलं, ‘सांगितले’ लेखी वळणाचं. दोन्ही शुद्ध, पण एका कार्डात एकच. कार्ड वाचून दाखवलं जाणार आहे, तेव्हा अनुस्वाराचं बोलीरूप घ्यावं आणि शेवटपर्यंत पाळावं.

जिथे हात आवरायला हवा, अशाही जागा आहेत. ‘जॉब’ बाहेरच्याला नोकरी वाटेल. टूलरूममध्ये जॉब म्हणजे मशीनवर लावलेला, घडवला जाणारा तुकडा. तिथे ‘सुटा भाग’ लिहिला तर कोणी ओळखणार नाही. ‘मायक्रोमीटर धरता येत नव्हतं’ याला कोणी ‘नव्हता’ करील. यंत्रांची, हत्यारांची इंग्रजी नावं मराठीत आली की त्यांचं लिंग शॉपफ्लोअरवर ठरतं. मशीन कुठे ‘बंद पडलं’, कुठे ‘बंद पडली’. नाना जे बोलतात तेच या पोराने उचललं असेल. ते राहू द्यावं.

तर कार्ड आता असं झालं:

‘आदरणीय नाना,
तुमच्या सेवापूर्तीनिमित्त हार्दिक शुभेच्छा. मी ट्रेनी म्हणून आलो तेव्हा मला मायक्रोमीटर धरता येत नव्हतं. तुम्ही हात धरून शिकवलंत. माझा पहिला जॉब रिजेक्ट झाला तेव्हा तुम्ही साहेबांना म्हणालात, “चूक माझी आहे.” ते मी विसरणार नाही. तुमच्यासारखा माणूस लाइनवर परत होणार नाही. आता घरी आराम करा, काकूंना वेळ द्या, तब्येतीला जपा. देव तुम्हांला चांगलं आरोग्य देवो.
तुमचाच’

खाली त्याची सही.

राहिला तो ‘तुझ्यासारखा’. त्याला अनादर म्हणता येत नाही. आपण आईला तू म्हणतो, विठ्ठलालाही तू म्हणतो. मजकुरात तो बरोबर तिथेच निसटला आहे, जिथे पोराला नानांशिवायची लाइन डोळ्यांसमोर आली. ‘तुमच्यासारखा’ केल्यावर वाक्य सभेत शोभेल असं झालं, आणि थोडं सपाटही झालं. कार्ड सगळ्या शिफ्टसमोर, साहेबांसमोर वाचलं जाणार आहे. तिथे एकट्याचा ‘तू’ इतरांना उर्मटपणा वाटेल, म्हणून बदल योग्यच. पण हेच कार्ड नानांनी घरी एकट्याने उघडायचं असतं, तर बाकी सगळं दुरुस्त करून या एका शब्दाला मी पेन्सिल लावली नसती.