नानांची चूक कुठे झाली? एका कथेतल्या गुंठ्यांचा हिशोब

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आलेली एक कथा आमच्या वाचनगटात फिरली. बहुतेकांना ती 'भ्रष्टाचाराची कथा' वाटली. मला तसं वाटत नाही आणि का वाटत नाही ते इथे लिहितोय, कारण जुन्या नोंदींवर काम करायचं ठरवलेल्या प्रत्येकाने ती कागद-पेन्सिल घेऊन वाचावी असं माझं मत आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झालेले नाना आपल्या गावचे जुने सातबारे आणि फेरफार मुलाच्या लॅपटॉपवर स्प्रेडशीटमध्ये चढवू लागतात. कुणी सांगितलेलं नाही, वेळ जात नाही म्हणून. अनेक दशकांची पानं टाइप करताना त्यांना दिसतं की एकर-गुंठ्यांचं हेक्टर-आर झालं त्या सुमारास काही खातेदारांची जमीन घटली आहे. एका विधवा आत्याची 2 एकर 20 गुंठे जमीन 89 आर झालेली. त्याच गटातल्या शेजाऱ्याची 2 एकर 5 गुंठे मात्र 1 हेक्टर 1 आर. नाना हिशोब मांडतात: आत्याचे 12 आर गेले, शेजाऱ्याला 15 आर आले, आणि वरचे 3 आर पोटखराब्यातून काढून गटाची बेरीज जुळवली. म्हणजे तलाठ्याने पैसे खाल्ले. कथेच्या शेवटी ते त्या दिवंगत तलाठ्याच्या मुलाच्या दारात उभे राहतात.

आता आकडे पाहू. 1 एकर म्हणजे 40 गुंठे, आणि 1 गुंठा म्हणजे 1.0117 आर. आत्याची जमीन 100 गुंठे, म्हणजे 1 हेक्टर 1 आर व्हायला हवी. 89 आर कुठून आले? 2 एकर 20 गुंठे हे कुणीतरी '2.20' लिहिलं आणि पुढच्याने ते सव्वादोन एकरांच्या जवळपास, दशांशातले 2.20 एकर समजून 40.47 ने गुणलं. उत्तर येतं 89.03. इथपर्यंत नानांनाही कळतं.

शेजाऱ्याचं गणित मात्र ते करत नाहीत. 2 एकर 5 गुंठे म्हणजे 85 गुंठे, म्हणजे 86 आर. पण तेच '2.5' असं, मधला शून्य न घालता लिहिलं असेल तर? अडीच एकर. अडीच एकर म्हणजे 101 आर, म्हणजे बरोबर 1 हेक्टर 1 आर. एकाला तोटा आणि दुसऱ्याला फायदा, दोन्ही एकाच टिंबाने झाले. कुणी कुणाचं काही उचलून दिलेलं नाही. तोटा-फायदा जवळपास सारखा निघाला हा योगायोग, आणि त्या योगायोगामुळेच ते हस्तांतरासारखं दिसतं. उरलेले 3 आर पोटखराब्यात कमी करून बेरीज जुळवली, हे मात्र कुणीतरी जाणूनबुजून केलं. पण तो बहुधा आकारबंदाशी बेरीज जुळत नाही म्हणून वैतागलेला माणूस असावा. लाच घेणारा असेलच असं नाही.

लेखकाला हे माहीत होतं का? माझ्या मते होतं. पुरावा कथेतच आहे, मधल्या एका वाक्यात: ज्यांची जमीन 'पुऱ्या एकरांत' होती त्या घरांना काहीच झालं नाही. नाना याचा अर्थ लावतात, 'मोठ्यांना हात लावायची हिंमत नव्हती.' अहो, पण ज्याच्या गुंठ्यांच्या जागी शून्य आहे त्याला टिंबाची चूक लागणारच कशी! नियम एकच आहे: गुंठे शून्य असतील तर फरक नाही, 10 ते 39 असतील तर घट, आणि 1 ते 9 असतील तर आधी शून्य लिहिला आहे की नाही यावर घट किंवा वाढ. नानांच्या स्प्रेडशीटमध्ये सगळ्या गावाच्या ओळी आहेत. हा नियम तपासायला त्यांना एक दुपार पुरली असती. ते तपासत नाहीत, कारण उत्तर त्यांना आधीच सापडलेलं असतं. आमच्यापैकी कित्येकांचं पहिलं वर्ष असंच जातं.

कथेतला मला सगळ्यात आवडलेला प्रसंग नाना चूक पहिल्यांदा पाहतात तो आहे. ते 2.20 टाइप करतात, एंटर दाबतात आणि पडद्यावर येतं 2.2. पुन्हा टाइप करतात, पुन्हा 2.2. 'वीसचे दोन झाले,' म्हणून ते मुलावर खेकसतात. मुलगा हसून म्हणतो, 'नाना, किंमत तीच आहे की.' या एका वाक्यात सगळी कथा आहे. यंत्र नानांसमोर तीच चूक पुन्हा करून दाखवतं, आणि मुलगा शिकलेला असूनही तीच बाजू घेतो. तुम्ही असा डेटा चढवत असाल तर एकर आणि गुंठे दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि हेक्टर असे काढा:

```
=(A2*40+B2)*0.010117
```

मूळ पानावर जसं लिहिलं आहे तसं तिसऱ्या रकान्यात मजकूर म्हणून ठेवा, आकडा म्हणून नको. 2-20 आणि 2.20 यातला फरक हाच इथे पुरावा आहे. कथेत जुन्या पानांवर आडवी रेघ आहे आणि पुनर्लेखनानंतरच्या पानावर टिंब. म्हणजे रेघेचं टिंब एका हाताने केलं आणि टिंबाचं दशांश दुसऱ्याने, बहुधा काही वर्षांनी. नाना ज्या अक्षरावरून तलाठ्याला ओळखतात ते नक्कल करणाऱ्याचं अक्षर आहे. त्याने समोर दिसलं ते उतरवलं.

तक्रारी दोन आहेत. शेवटच्या पानावर निवेदक व्यवस्थेवर जे लांबलचक बोलतो ते कापायला हवं होतं. आणि आत्या. जमीन तिची गेली, पण अख्ख्या कथेत ती दोनदा चहा देते आणि एकदा डोळे पुसते. तिला काय हवं आहे हे नाना विचारतच नाहीत. लेखकानेही विचारलेलं दिसत नाही.

हा प्रश्न भावनेपुरता नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे ते 89 आर आज कायद्याने खरे आहेत. पण कलम 155 मध्ये लेखनातली चूक, किंवा संबंधितांनी मान्य केलेली चूक, दुरुस्त करायची वाट आहे. शेजाऱ्याकडे जाऊन 'तुमच्या आजोबांच्या पाचाचे पन्नास झाले, आत्याच्या वीसाला आठच मिळाले, हे बघा गणित' असं म्हटलं असतं, तर तो कदाचित चिडला असता, कदाचित बसून पाहिलंही असतं. (पाच गुंठ्यांचा अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे झाले, हे नानांनी त्याला नीट मांडून दाखवायला हवं होतं, तोंडी नाही.) पण 'तुमच्या घराने जमीन ढापली' हे एकदा गावात झालं की कोण काय मान्य करणार? नाना तलाठ्याच्या मुलाच्या दारात उभे असतात तेव्हा शेजारी पारावरून सगळं ऐकत बसलेला असतो, असं कथेत एका ओळीत येऊन जातं. पहिल्या वाचनात ती ओळ माझ्या डोळ्यांखालून निसटली होती.