थांबण्याची मुभा आणि मागे फिरण्याची मुभा

कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल २’ची २०१९ साली आलेली नवी आवृत्ती सेव्हचं गणित समजून घ्यायला फार सोयीची आहे. ‘स्टँडर्ड’ पातळीवर पोलीस ठाण्यातल्या टाइपरायटरपाशी जाऊन हवं तितक्यांदा सेव्ह करता येतं, शिवाय ठरावीक टप्प्यांवर गेम आपणहून सेव्ह करतो. ‘हार्डकोअर’ पातळीवर ऑटोसेव्ह बंद. टाइपरायटर तोच, पण दर खेपेला शाईची एक रिबीन खर्च होते. रिबिनी मोजक्याच सापडतात आणि त्या सामानात जागा अडवतात, तीही सुरुवातीला जेमतेम आठ घरांची.

आता एक प्रसंग घेऊ. ठाण्याच्या पश्चिमेकडच्या भागातून एक पदक मिळवून खेळाडू परततो आहे. पिस्तुलात दोन गोळ्या, अंगात जखम, चाल लंगडी. तळमजल्यावरच्या डार्करूममध्ये टाइपरायटर आहे. इथे सेव्ह केलं तर पदक पक्कं झालं, पण रिबीन गेली. शिवाय दोन गोळ्या आणि ही जखमही त्याच नोंदीत कायम झाली. न थांबता मुख्य दालनापर्यंत गेलं, तर रिबीन वाचेल. वाटेत मेलं, तर मागच्या नोंदीपासूनची सगळी मेहनत पाण्यात. ‘स्टँडर्ड’वर तोच बोळ खेळाडू बिनधास्त पार करतो. ‘हार्डकोअर’वर शत्रूही जास्त चिवट असतात हे खरं, पण त्या बोळात पाय अडखळतो तो मुख्यतः पणाला किती लागलंय या हिशोबामुळे. भीतीचं हे काम चित्रकाराने किंवा ध्वनिकाराने केलेलं नाही, सेव्हच्या नियमाने केलं आहे.

सेव्हच्या तीन पद्धतींमधला फरक कळण्यासाठी दोन प्रश्न पुरतात: नोंद कधी करायची हे कोण ठरवतं, आणि जुनी नोंद शिल्लक राहते का? चेकपॉइंटची जागा डिझायनर ठरवतो. मेल्यावर खेळाडू तिथे परत येतो आणि पुढचा भाग नव्याने मांडला जातो. त्यामुळे साठवायचं थोडंच असतं: कुठला टप्पा, हातात काय, कोणती दारं उघडली. ऑटोसेव्हची वेळ गेम ठरवतो आणि बहुधा आधीच्याच नोंदीवर नवी नोंद चढवतो. हाताने सेव्ह करण्याचे स्लॉट असतील तर वेळ खेळाडूची आणि जुन्या नोंदीही खेळाडूच्याच. १९९३ च्या ‘डूम’मध्ये असे सहा स्लॉट होते आणि कुठेही, कधीही सेव्ह करता येत असे.

‘कुठेही’ ही मुभा बनवणाऱ्यांना महाग पडते. हवेतली गोळी, अर्धवट उघडलेलं दार, अमुक पहारेकऱ्याला संशय आलाय की नाही, संवाद कुठल्या वाक्यावर आहे, हे सगळं लिहून ठेवावं लागतं आणि परत उघडल्यावर जसंच्या तसं उभं करावं लागतं. एक जरी गोष्ट नोंदवायची राहिली, तरी पहारेकरी जागीच थिजतो किंवा दार कायमचं बंद राहतं. अशा चुका चाचणीत पकडणंही अवघड, कारण सेव्ह करण्याचे क्षण अगणित असतात. चेकपॉइंट निवडण्यामागे कलात्मक विचार असतोच, पण पुष्कळदा हे साधं व्यावहारिक कारणही असतं.

ऑटोसेव्हचा धोका वेगळा आहे. तो चुकीच्या क्षणी झाला की खेळाडू अडकतो: समोर शत्रू, अंगात जीव नाही, आणि परत उघडावं तर तोच क्षण. म्हणून जाणते डिझायनर नोंदीआधी परिस्थिती तपासून घेतात. २००१ चा ‘हेलो’ चेकपॉइंट देण्याआधी खेळाडू सध्या संकटात आहे का हे बघत असे आणि असेल तर थांबत असे. याशिवाय फाइल लिहिली जात असतानाच लाइट गेली तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी निकामी फाइल उरते. उपाय जुना आणि खात्रीचा आहे: नवी नोंद आधी वेगळ्या फाइलमध्ये पूर्ण लिहायची आणि मगच तिला जुन्या फाइलची जागा द्यायची. मागच्या दोन-तीन नोंदी जपून ठेवल्या तर आणखी बरं. ज्या गेममध्ये एकच ऑटोसेव्ह आहे आणि ही काळजी घेतलेली नाही, त्याच्या बाबतीत माझी तक्रार ठाम आहे.

मनासारखं घडेपर्यंत मागची नोंद उघडत राहण्याला खेळाडू ‘सेव्ह स्कमिंग’ म्हणतात. फिरॅक्सिसच्या ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ने (२०१२) त्यावर दोन उत्तरं शोधली. नेम लागण्याची शक्यता ६५ टक्के असलेली गोळी चुकली आणि खेळाडूने मागची नोंद उघडून तीच गोळी पुन्हा झाडली, तर ती पुन्हा चुकतेच, कारण नशिबाचे आकडेही नोंदीतच साठवलेले असतात. मात्र आधी दुसऱ्या सैनिकाला गोळी झाडायला लावली तर फळ बदलतं. म्हणजे वाट अरुंद झाली, बंद झाली नाही. पूर्ण बंदी हवी असणाऱ्यांसाठी ‘आयर्नमॅन’ आहे: एकच नोंद, तीही गेमच करणार, आणि मेलेला सैनिक मेलेलाच.

इथवर सगळा प्रश्न मागे फिरण्याच्या मुभेचा होता. ती आखडती ठेवायची की सैल सोडायची, हा डिझायनरचा अधिकार मला मान्य आहे. पण सेव्हमध्ये दुसरीही एक गोष्ट गुंतलेली असते, ती म्हणजे खेळ थांबवून उठण्याची मुभा. या दोहोंची गल्लत झाली की चांगले गेमही माणसाला छळतात. वॉरहॉर्सच्या ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’मध्ये (२०१८) मनाला येईल तेव्हा सेव्ह करायचं तर एक विशिष्ट दारू प्यावी लागे, नाहीतर बिछाना गाठून झोपावं लागे. प्रत्येक निर्णयाला वजन यावं हा हेतू उत्तम होता. पण जेवायला हाक आली म्हणून उठणाऱ्यालाही तीच किंमत मोजावी लागत होती. पुढे एका अपडेटने बाहेर पडताना सेव्ह करण्याची सोय दिली आणि दारूचं महत्त्वही टिकलं.

हाउसमार्कचा ‘रिटर्नल’ (२०२१) याहून कडक होता. त्यातली एक फेरी दोन तासांहून जास्त चालू शकते आणि सुरुवातीला ती मध्येच सेव्ह करण्याची सोयच नव्हती. प्लेस्टेशन ‘रेस्ट मोड’वर ठेवून जायचं आणि मधल्या वेळात वीज जाऊ नये अशी आशा करायची, एवढंच हाती. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘सस्पेंड सायकल’ आलं: फेरी थांबवा, यंत्र बंद करा, परत या. नोंद एकदाच वापरता येते आणि ऐन बॉसशी लढताना ती करता येत नाही. त्यामुळे मरण स्वस्त झालं नाही, फक्त उठणं शक्य झालं. ही सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

तरी त्यात एक उणीव आहे. नोंद उघडताक्षणी रद्द होते, त्यामुळे पुढे गेमच कोसळला तर खेळाडूची चूक नसताना फेरी जाते. सुपरजायंटच्या ‘हेडीज’मधली (२०२०) तडजोड मला म्हणूनच जास्त पटते. तिथे प्रत्येक नव्या खोलीत शिरताना नोंद होते आणि मध्येच बाहेर पडलं तर परतल्यावर त्या खोलीच्या दाराशी उभं राहावं लागतं. हरत आलेली लढाई सोडून पुन्हा आत येण्याची पळवाट यातून उरते, आणि काही जण ती वापरतातही. पण ती एका खोलीपुरतीच असते, आणि त्या बदल्यात कुणालाही कधीही उठता येतं.