पृथ्वीच्या पोटातला चौकोन

काही सूत्रं वापरून मोकळं व्हावं, अशी असतात. काही मात्र थांबून वाचावीत. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं कोनीय अंतर सांगणारं हॅवरसाइनचं सूत्र या दुसऱ्या जातीचं आहे:

hav(d) = hav(φ2 − φ1) + cos φ1 · cos φ2 · hav(λ2 − λ1)

इथे φ म्हणजे अक्षांश, λ म्हणजे रेखांश आणि d म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन ठिकाणांमध्ये होणारा कोन. कोनाचं हॅवरसाइन म्हणजे त्याच्या निम्म्या कोनाच्या साइनचा वर्ग. नाविकांच्या या राशीला हे नाव जेम्स इन्मन यांनी 1835 मध्ये दिलं. सूर्यसिद्धान्तात कोष्टक असलेल्या उत्क्रमज्येचंच हे निम्मं रूप.

उजवीकडचं पहिलं पद उत्तर-दक्षिण फरकाचं, दुसरं पूर्व-पश्चिम फरकाचं, हे सहज कळतं. खरं कोडं त्या दोन कोसाइनांच्या गुणाकाराचं आहे. ध्रुवाकडे जाताना अक्षवृत्त लहान होत जातं आणि किती लहान, ते कोसाइन सांगतो. पण ठिकाणं दोन वेगळ्या अक्षवृत्तांवर असताना दोन कोसाइनांची सरासरी न घेता गुणाकार का घ्यायचा?

मुंबई आणि न्यूयॉर्कचे विमानतळ घेऊ. मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, न्यूयॉर्क 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. आता आणखी दोन बिंदू कल्पू. मुंबईच्या रेखावृत्तावरून न्यूयॉर्कच्या अक्षांशापर्यंत वर गेलं, की किर्गिझस्तानातल्या ओश शहराजवळ पोचतो. न्यूयॉर्कच्या रेखावृत्तावरून मुंबईच्या अक्षांशापर्यंत खाली आलं, की हैतीलगतच्या समुद्रात. हे चार बिंदू पृथ्वीच्या आतून सरळ रेषांनी जोडले, की समद्विभुज समलंब चौकोन तयार होतो. त्याच्या दोन समांतर बाजू आहेत मुंबई–हैती आणि ओश–न्यूयॉर्क. मुंबई–न्यूयॉर्क हा त्याचा कर्ण.

अशा चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर असतात, म्हणून त्याला टॉलेमीचं प्रमेय लागू पडतं: कर्णांचा गुणाकार म्हणजे समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज. इथे दोन्ही कर्ण सारखे आणि दोन्ही तिरप्या बाजूही सारख्या. म्हणून कर्णाचा वर्ग हा तिरप्या बाजूचा वर्ग आणि समांतर बाजूंचा गुणाकार यांच्या बेरजेइतका होतो. प्रत्येक पदाला व्यासाच्या वर्गाने भागलं, की आपलं सूत्र नेमकं हेच सांगतं. त्या दोन कोसाइनांपैकी एक मुंबईच्या अक्षवृत्तावरच्या जीवेचा, दुसरा न्यूयॉर्कच्या. गुणाकार आहे, कारण प्रमेयात समोरासमोरच्या बाजू गुणल्या जातात.

पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी धरली, तर तिरपी बाजू सुमारे 2382 किमी येते, समांतर बाजू 11,535 आणि 9262 किमी. त्यावरून कर्ण 10,607 किमी. हे पृथ्वी भेदून जाणारं सरळ अंतर झालं. त्याला व्यासाने भागून निम्म्या कोनाचा साइन मिळतो. कोन येतो 112.7 अंश. एका अंशाला 111.2 किमी, म्हणून पृष्ठभागावरचं अंतर सुमारे 12,530 किमी. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर हेच अंतर 14,200 किमीच्या आसपास जातं. महावृत्त मात्र मुंबईहून उत्तर दिशेच्या 27 अंश पश्चिमेला निघतं आणि 64.7 उत्तर अक्षांशापर्यंत चढून मग न्यूयॉर्ककडे उतरतं.

अंतर काढायला कोसाइनचं जुनं सूत्रही आहे आणि या प्रवासासाठी तेही हेच उत्तर देतं. पण ठिकाणं एक किलोमीटरवर असली, तर त्या कोनाचा कोसाइन 0.99999999 इतका येतो. सात दशांश स्थळांच्या कोष्टकात तो 1 दिसतो आणि अंतर शून्य ठरतं. हॅवरसाइन अशा वेळी शून्याजवळची लहान संख्या म्हणून येतं, त्यामुळे तिचे सार्थ अंक हरवत नाहीत. रॉजर सिनट यांनी 1984 मध्ये ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात याच गुणाकडे लक्ष वेधलं होतं.

दोष आहेत, पण ओळखू येणारे. ठिकाणं पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना असली, तर hav(d) एकाजवळ जातं. पूर्णांकनामुळे ते एकाच्या किंचित वर गेलं, तर गणित अडतं. तिथे ते एकावर रोखावं लागतं. शिवाय पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, म्हणून उत्तरात अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. जमिनीच्या मोजणीला तेवढी चूक चालत नाही, तिथे लंबगोलाची सूत्रं हवीत. पण गोल धरून चालणार असेल, तर जवळच्या आणि दूरच्या दोन्ही अंतरांना सारखं निभावणारं हेच सूत्र वापरावं, आणि वापरण्याआधी त्यातला चौकोन एकदा कागदावर काढून पाहावा.