‘श्यामा’ शब्दाचा अर्थ आणि वर्णविषयक पूर्वग्रह

आपल्याकडे कातडीच्या रंगावरून माणसाची, विशेषतः मुलीची, किंमत ठरविली जाते, या तक्रारीला एक ठराविक उत्तर दिले जाते. आमचा राम श्यामवर्ण, कृष्णाच्या नावाचा अर्थच काळा, पंढरीचा विठोबा सावळा. तेव्हा हा पूर्वग्रह आमचा नव्हे, तो परकीय राजवटीबरोबर आला, असे ते उत्तर होय. त्यातील पहिला भाग खरा आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष ग्रंथांच्या आणि भाषेच्या कसोटीला उतरतो काय, हे फारसे कोणी तपासून पाहत नाही. प्रस्तुत लेखात ती तपासणी एका शब्दापुरती करावयाची आहे. तो शब्द ‘श्यामा’ हा होय.

नागपुराच्या ईशान्येस असलेला रामटेक म्हणजेच ‘मेघदूता’तील रामगिरी, या मताचा पुरस्कार नागपूर विद्यापीठाचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केला, हे येथील वाचकांस ठाऊकच आहे. त्या रामगिरीवर राहणारा यक्ष मेघाला आपल्या पत्नीची ओळख पटावी म्हणून तिचे वर्णन करतो. त्या श्लोकात तिची जी विशेषणे येतात त्यांत ती सडपातळ आहे याच्या लगोलग ती ‘श्यामा’ आहे असे सांगितले आहे. विशेषणे ओळख पटविण्यासाठी योजिलेली आहेत. दात, ओठ, कटी, नाभी असे एकेक दृश्य अवयव सांगितले जात आहेत. अशा ठिकाणी ‘श्यामा’ म्हणजे सावळी, हा अर्थ वाचकाच्या मनात प्रथम यावा हे स्वाभाविक आहे.

मल्लिनाथाने मात्र येथे ‘श्यामा’चा अर्थ तरुणी असा केला आहे आणि त्यासाठी ऐन तारुण्यातील स्त्रीस ‘श्यामा’ म्हणतात असा कोशाचा आधार दिला आहे. याखेरीज एक प्रसिद्ध व्याख्या परंपरेने चालत आली आहे. तिच्याप्रमाणे जिचे अंग थंडीत उबदार व उन्हाळ्यात शीतल असते आणि जिची कांती तापविलेल्या सोन्यासारखी असते ती स्त्री ‘श्यामा’ होय. या व्याख्येचा चमत्कार पाहण्यासारखा आहे. ज्या शब्दाचा मूळ अर्थ काळसर रंग असा, त्याच शब्दाच्या पोटात तिने सोन्याचा रंग घातला. शब्द तसाच राहिला. त्यातला रंग तेवढा उतरविला गेला.

टीकाकाराने अर्थ पदरचा घातला असे येथे म्हणावयाचे नाही. ‘श्यामा’ शब्दाला तरुणी हा अर्थ कोशांनी दिलेला आहे आणि तो लावला तरी श्लोक बिघडत नाही. प्रश्न एवढाच की, दोन अर्थ शक्य असता रंगाचा अर्थ बाजूस का सारावा? या प्रश्नाचा विचार करताना कालिदासाच्या स्वतःच्या प्रयोगाकडे पाहणे हा भाषाभ्यासकाचा सरळ मार्ग होय. त्याच काव्याच्या पूर्वभागात इंद्रधनुष्याचा तुकडा लाभल्यामुळे मेघाचे ‘श्याम’ शरीर मोरपिसाने नटलेल्या गोपवेषधारी विष्णूसारखे शोभेल, अशी कल्पना आहे. तेथे ‘श्याम’ म्हणजे तरुण, असे कोणी म्हणत नाही. तेथे तो रंग आहे, आणि तो शोभेचे कारण आहे. पुढे यक्ष पत्नीच्या अंगाचा भास ‘श्यामा’ नावाच्या वेलींत शोधतो. म्हणजे एकाच काव्यात हा शब्द देव, मेघ, वेल आणि स्त्री या चौघांभोवती फिरतो. आणि त्यांपैकी मानवसदृश स्त्रीपाशी आला की तेथेच त्याला अर्थांतराची गरज भासते.

हा भेद देव आणि माणूस यांमधला आहे की पुरुष आणि स्त्री यांमधला? ‘रघुवंशा’च्या सहाव्या सर्गातील इंदुमतीच्या स्वयंवरात याचे उत्तर मिळते. सुनंदा पांड्य राजाची ओळख करून देताना तो नीलकमलासारखा श्यामवर्ण आहे आणि इंदुमती गोरोचनासारखी गौर आहे, असे सांगून दोघांच्या संयोगाला मेघ व वीज यांची उपमा देते. राजाचा काळेपणा येथे उणीव म्हणून झाकलेला नाही; तो त्याच्या शिफारशीचाच भाग आहे. पुरुष आणि तोही राजा असल्यावर ‘श्याम’ शब्दाला टीकाकाराच्या मदतीची गरज पडत नाही. शोभेच्या या वाटणीत मेघ पुरुषाच्या वाट्याला आणि वीज स्त्रीच्या वाट्याला आली आहे. विष्णू श्याम आणि लक्ष्मी सुवर्णवर्णा, ही जोडीही याच वाटणीतील आहे.

ही वाटणी सार्वत्रिक मात्र नव्हती. महाभारतातील द्रौपदी यज्ञवेदीतून प्रकट होते तेव्हा तिच्या श्याम वर्णाचे आणि अतुल सौंदर्याचे वर्णन एकाच ओघात येते, आणि वर्णावरूनच तिचे नाव ‘कृष्णा’ ठेविले जाते. ती काळी ‘असली तरी’ सुंदर होती, असे तेथे कवी म्हणत नाही. बृहदारण्यकोपनिषदाच्या अखेरच्या भागात इच्छित संततीसाठी पतिपत्नींनी कोणता भात खावा हे सांगितले आहे. गोरा व एक वेद जाणणारा पुत्र हवा असल्यास दुधात शिजविलेला भात. पिंगट वर्णाचा व दोन वेद जाणणारा हवा असल्यास दह्याबरोबर शिजविलेला. आणि श्यामवर्णाचा, आरक्त डोळ्यांचा व तीन वेद जाणणारा पुत्र हवा असल्यास पाण्यात शिजविलेला भात, तुपासह. वर्ण जसजसा गडद होत जातो तसतशी विद्या वाढत जाते, हा क्रम आजच्या वाचकाला चकित करणारा आहे. त्यानंतर विदुषी कन्येसाठी तिळाचा भात सांगितला आहे; तिच्या रंगाविषयी मात्र अवाक्षर नाही.

याच्या उलट पुरावाही तितकाच जुना आहे आणि तो लपविता येत नाही. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील पतंजली ‘अब्राह्मण’ या नकारयुक्त शब्दाची चर्चा करताना जाता जाता सांगून जातो की, गोरा, शुचिर्भूत आचाराचा, पिंगट केसांचा मनुष्य पाहिला म्हणजे हा ब्राह्मण असावा असे लोकांस वाटते. परंतु उडदाच्या राशीसारखा काळा मनुष्य बाजारात बसलेला पाहून कोणी तसे समजत नाही. महाभाष्यकाराला येथे वर्णभेदाचे समर्थन करावयाचे नव्हते. त्याला व्याकरणातील एक मुद्दा पटवून द्यावयाचा होता. म्हणूनच या साक्षीचे मोल अधिक. उदाहरण म्हणून तेच घेतले जाते जे ऐकणाऱ्यास न सांगता पटते. मत्स्यपुराणातील कथेत शंकर पार्वतीला तिच्या काळ्या रंगावरून चिडवितो, तेव्हा ती रागाने तपास निघून जाते आणि काळी कांती टाकून ‘गौरी’ होऊन परतते. ज्या परंपरेने कृष्णा हे नाव अभिमानाने दिले, तिनेच हीही कथा सांगितली. तेव्हा पूर्वग्रह सर्वस्वी परकीय आहे हे म्हणणे टिकत नाही. परकीय सत्तेने त्याला बळ दिले असेल; मूळ रोप येथलेच आहे.

आता मराठीकडे वळू. संस्कृत ‘श्यामल’, प्राकृत ‘सामल’, मराठी ‘सावळा’ अशी ही व्युत्पत्ती. आरंभीच्या जोडाक्षराचा ‘स’ झाला, दोन स्वरांमधील ‘म’चा ‘व’ झाला आणि ‘ल’चा ‘ळ’. ध्वनींचा हा प्रवास नियमित आहे; अर्थाचा मात्र दुभंगलेला आहे. वारकरी संतांच्या वाणीत विठ्ठलाचे सावळेपण आणि सुंदरपण शेजारी शेजारी बसतात, त्यांच्यामध्ये कोणतेही अव्यय लागत नाही. तोच शब्द लग्नाच्या बोलण्यांत आला की त्याला ‘तरी’ किंवा ‘पण’ चिकटते: ‘मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे.’

या अव्ययांतच पूर्वग्रहाची परीक्षा आहे. ‘पण’ आणि ‘तरी’ ही अव्यये पहिल्या विधानावरून ऐकणाऱ्याची जी अपेक्षा होईल तिला छेद देतात. ‘गरीब आहे पण प्रामाणिक आहे’ असे म्हणणारा गरिबांविषयीचे आपले मत न सांगता सांगून जातो. ‘गोरी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही मराठी कानाला विपरीत वाटते. दोन्ही वाक्यांची घडण एक आहे. फरक बोलणाऱ्याच्या गृहीतात आहे. ‘आम्ही रंग पाहत नाही’ असे सांगणाऱ्या गृहस्थाच्या पुढच्याच वाक्यात ‘पण’ कोठे येते ते पाहावे. पुरावा तेथे सापडतो. ‘सावळी’ हा शब्ददेखील अशा ठिकाणी बहुधा ‘काळी’ हा शब्द टाळण्यासाठी योजिलेला असतो. ‘गहूवर्णी’, ‘निमगोरी’ हे शब्द त्याच जिन्याच्या वरच्या पायऱ्या होत. विठोबाचा शब्द मुलीला दिला जातो तो गौरवासाठी नव्हे, तर तिखट शब्दाची धार बोथट करण्यासाठी. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाने 2020 साली नावातला गोरेपणा टाकून ‘ग्लो’ म्हणजे तेज घेतले. ‘श्यामा’च्या पोटात सोन्याची कांती घालणाऱ्या व्याख्येची युक्ती येथे उलट दिशेने चाललेली दिसेल. तेथे शब्द ठेवून रंग बदलला. येथे रंगाची अपेक्षा कायम राहून शब्द बदलला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे.

देवाचा रंग माणसाच्या उपयोगी पडत नाही याचा सर्वांत कठोर दाखला नाशिकचा आहे. तेथील रामाची मूर्ती काळ्या पाषाणाची. म्हणून देऊळच काळारामाचे म्हणून ओळखले जाते. त्या काळ्या देवाच्या दर्शनासाठी 2 मार्च 1930 रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांनी सत्याग्रह सुरू केला आणि दारे बंदच राहिली. तो लढा जातीचा होता, कातडीच्या रंगाचा नव्हता, हे खरे. दोन्ही गोष्टी एक समजू नयेत. परंतु मूर्तीच्या गुणाचा दाखला देऊन समाजाच्या वर्तनाची हमी देता येत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. देवाच्या ठिकाणी जे विशेषण भक्ताच्या प्रेमाने उजळते, ते शेजारच्या माणसापाशी येताच आपला अर्थ बदलते.

म्हणून श्यामवर्ण देवांची यादी हे पूर्वग्रहाला दिलेले उत्तर होऊ शकत नाही. उपयोग असलाच तर तो द्रौपदीच्या वर्णनाचा आहे, कारण तेथे काळी स्त्री सुंदर म्हणून सांगितली आहे आणि मध्ये ‘तरी’ नाही. ‘मेघदूत’ शिकविताना ‘श्यामा’चा मल्लिनाथकृत अर्थ विद्यार्थ्यांस अवश्य सांगावा, परंतु सावळी हा अर्थही त्याच्या शेजारी, बरोबरीने ठेवावा आणि निवड का करावी लागते हा प्रश्न वर्गात विचारावा. त्या वर्गात बसलेल्या कित्येक मुलींनी ‘सावळी आहे, पण’ हे वाक्य स्वतःविषयी ऐकलेले असते. यक्षाने आपल्या पत्नीविषयी ‘पण’ म्हटलेले नाही, हे त्यांस मूळ श्लोकावरून दाखविता येते.